पावसाच्या चार्टमध्ये एक दिवस गायब: कंपनीला तक्रार कशी लिहावी?

मांजराकाठ

मंडळी, मदत पाहिजे. लातूर जिल्ह्यातल्या आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीनं अकरा गावांत पर्जन्यमापक बसवलेत. रोज सकाळी साडेआठला प्रत्येक गावातला माणूस मोजून आकडा कळवतो आणि तो एका सॉफ्टवेअरमध्ये भरला जातो. सॉफ्टवेअर विकतचं आहे, क्रोममध्ये चालतं. पूर्वी सगळं मीच ऑफिसात बसून भरायचो. यंदा गावच्या पोरांना त्यांचं मोबाईल ॲप दिलंय, पण सगळेच काही वापरत नाहीत. ज्यांचा नुसता फोन येतो त्यांचं अजून मीच भरतो.

आता गोंधळ ऐका. एका गावात १० जूनला ३१ मिमी आणि ११ जूनला ३८ मिमी पाऊस मोजला. तक्त्यात दोन्ही आकडे बरोबर दिसायलेत. पण चार्टमध्ये १० तारखेला एकच ६९ मिमीचा खांब, तोही लाल, आणि ११ तारीख कोरडी! ६५ च्या वर गेलं की खांब लाल होतो, ती सोय आम्हीच मागून घेतली होती. आमच्या पोरानं नेहमीप्रमाणे चार्टचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकला. अर्ध्या तासात फोन सुरू: "अतिवृष्टी झालीय, पंचनामा कधी?"

मी सॉफ्टवेअर कंपनीला लिहिलं: "तुमचा चार्ट चुकीचा दिसतो. शेतकऱ्यांची दिशाभूल होत आहे. ताबडतोब दुरुस्त करावे." दोन दिवसांनी उत्तर आलं: "आमच्याकडे चार्ट बरोबर दिसतो. ब्राउझरची कॅश साफ करून पाहावे." कॅश साफ केली. खांब तसाच.

आता पुढचं पत्र असं लिहायचंय की त्यांना "आमच्याकडे दिसत नाही" म्हणता येऊ नये. काय लिहू?

निवृत्त_कारकून

मी तहसीलमध्ये असताना वीस वर्षं पावसाची वही सांभाळली आहे, म्हणून सांगतो. सॉफ्टवेअर बरोबर आहे, तुमची समज चुकते आहे. ११ तारखेला सकाळी ८.३० ला जे मोजता तो १० च्या ८.३० पासून ११ च्या ८.३० पर्यंतचा पाऊस. म्हणजे बहुतेक १० तारखेलाच पडलेला. सॉफ्टवेअरनं तो १० ला दाखवला तर बिघडलं कुठं? आमच्याकडे नवीन आलेला प्रत्येक पोरगा इथंच गडबडायचा.

शिवाय अतिवृष्टी ठरते ती महसूल मंडळातल्या केंद्राच्या आकड्यावर. तुमच्या डब्याला तिथं किंमत नाही. गावकऱ्यांना तेवढं सांगून टाका.

गोदाकाठची

आमच्या दूध संकलन केंद्रातही अगदी हेच झालं होतं! फॅटचा चार्ट महिन्याच्या १२ तारखेपर्यंतच यायचा, पुढं सगळं रिकामं. शेवटी कळलं की एक्सेलमध्ये तारीख-महिना उलटा वाचला जात होता. १२ च्या पुढं महिनाच नाही, मग तो बिचारा थांबायचा. तुम्ही कंट्रोल पॅनेलमध्ये तारखेचा साचा बघा, दिवस आधी की महिना आधी. पाच मिनिटांचं काम आहे.

मांजराकाठ

ताई, तसं असतं तर १० जूनचा पाऊस ६ ऑक्टोबरला गेला असता. आमचा फक्त एक दिवस मागं सरकायलाय. तरी साचा बघितला, दिवस आधीच आहे.

काका, वहीचं तुमचं म्हणणं पटतं. पण तसं असेल तर १० चे ३१ मिमी ९ तारखेला जायला पाहिजे होते. ते जागचे हलले नाहीत. एक सरकला, एक नाही, म्हणून तर दोन्ही एकावर एक बसले.

खडकीकर

धागा वाचून राहवलं नाही. तुमच्या शेवटच्या वाक्यातच सगळं आहे. एक सरकला, एक नाही, तर त्या दोन नोंदींत फरक काय होता? माझा अंदाज: ३१ मोबाईलवरून आले आणि ३८ तुम्ही ऑफिसात भरले. बरोबर? आणि ऑफिसातून भरताना वेळेचा रकाना असतो का? तो तुम्ही भरता की सोडता?

मांजराकाठ

बरोबर! त्या गावचा पोरगा ११ ला लग्नाला गेला होता, त्याच्या वडलांनी फोन केला आणि मी भरलं. वेळेचा रकाना आहे, पण सक्तीचा नाही. आजवर एकदाही भरला नाही. साडेआठलाच मोजतात, रोज काय लिहायचं? तुम्हाला कसं कळलं?

खडकीकर

कारण हे भारतातल्या प्रोग्रामरांचं जुनं दुखणं आहे. मी स्वतः दोनदा ही चूक केलीय.

वेळ रिकामी सोडली की प्रोग्राम ती तारीख "रात्री १२ वाजता" अशी धरतो. आपले रात्रीचे १२ म्हणजे जागतिक घड्याळाचे, म्हणजे यूटीसीचे, आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहा, कारण आपण साडेपाच तास पुढं. चार्टसाठी एकेका दिवसाची बेरीज करताना त्यांच्या कोडनं तारीख यूटीसीत बदलून तिची पहिली दहा अक्षरं घेतली असणार. मग ११ ची नोंद १० ची होते. मोबाईलची नोंद सकाळी साडेआठची. तिच्यातून साडेपाच तास गेले तरी पहाटेचे तीन उरतात, तारीख तीच राहते. म्हणून ती हलली नाही.

क्रोममध्ये F12 दाबा, Console उघडा आणि हे हातानं टाईप करा. चिकटवायला गेलात तर क्रोम आधी इशारा देऊन अडवतो.

```
new Date(2025, 5, 11).toISOString()
```

यात महिने शून्यापासून मोजतात, म्हणून ५ म्हणजे जून. उत्तर हे यायला पाहिजे:

```
'2025-06-10T18:30:00.000Z'
```

११ जून टाकला, १० जून मिळाला. हा क्रोमचा दोष नाही. त्याला जागतिक वेळ विचारली, त्यानं ती दिली. चूक विचारणाऱ्याची.

पण हे मी त्यांचं कोड न बघता म्हणतोय. तक्रार लिहायच्या आधी पक्कं करून घ्या. "चाचणी" नावाचं खोटं गाव तयार करा आणि मे महिन्यात फक्त चार नोंदी टाका: १ मे, वेळ रिकामी, ५ मिमी. ५ मे, पहाटे ५.२९, १० मिमी. १० मे, पहाटे ५.३०, २० मिमी. १५ मे, वेळ रिकामी, ४० मिमी. आकडे मुद्दाम वेगळे घेतलेत, म्हणजे कुठला खांब कुठं गेला ते उंचीवरून ओळखू येईल. माझं बरोबर असेल तर १० मिमी ४ तारखेला जाईल, २० मिमी जागेवर राहील, ४० मिमी १४ ला जाईल आणि ५ मिमी मेच्या चार्टमधून पारच नाहीसे होतील.

तिरकस

एक मिनिटाच्या फरकानं पाऊस आदल्या दिवशी? ज्योतिषाकडं न्या पत्रिका.

मांजराकाठ

खडकीकर, F12 चं उत्तर अगदी तुम्ही लिहिलं तसं आलं. पण चाचणी अर्धवटच जुळली. ४० मिमी १४ ला गेले, ५ मिमी गायब झाले, हे बरोबर. पण ५.२९ वाले १० मिमी ५ तारखेलाच आहेत, हलले नाहीत.

खडकीकर

हे व्हायला नको. त्या नोंदीचा तक्ता उघडून वेळ काय दिसते ते अक्षरशः जशीच्या तशी लिहा.

मांजराकाठ

05:29 PM.

आलं लक्षात. फॉर्म आपोआप PM धरायलाय. संध्याकाळचे ५.२९ झाले होते. AM केलं आणि खांब उडी मारून ४ तारखेवर. ५.३० वालाही AM केला, तो जागेवरच आहे. तिरकसराव, एका मिनिटात पाऊस खरंच आदल्या दिवशी गेला, स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

अजून एक बघितलं. मेची बेरीज तक्त्यात ७५ आणि चार्टखाली ७०. मग धसका घेऊन मागच्या तीन वर्षांचा जून काढला. एका वर्षी १ जूनला पाऊस होता, तो चार्टच्या हंगामी बेरजेत नाही. तीन वर्षं सगळा चार्ट एक दिवस मागं चाललाय आणि कुणाच्या ध्यानात नाही, कारण तेव्हा सगळंच मी वेळेशिवाय भरायचो. सगळे खांब एकत्र सरकलेले, आकार तोच. मोबाईल आला आणि बिंग फुटलं.

निवृत्त_कारकून

म्हणजे माझं म्हणणं चुकलं, हे मान्य. साडेआठचा नियम खरा असला तरी इथं तो कारण नाही. उलट साडेआठ लिहिलं असतं तर घोळ झालाच नसता! आम्ही वहीत प्रत्येक ओळीला वेळ लिहायचो, साहेब लोक हसायचे.

खडकीकर

काका, तुमचे साडेआठ म्हणजे यूटीसीचे बरोबर ३.००. हवामान निरीक्षणाच्या जगभर ठरलेल्या वेळांपैकी ती एक. तारीख तीच राहते, म्हणून साडेआठला घोळ होत नाही.

मांजराकाठ, शेवटची एक चाचणी: ते "आमच्याकडे बरोबर दिसतं" का म्हणतात? बहुधा त्यांचं चाचणीचं मशीन कुठल्यातरी सर्व्हरवर आहे आणि त्याचं घड्याळ यूटीसीवर आहे. तिथं रात्रीचे १२ हे १२ च राहतात, दोष दिसणारच नाही. अमेरिकेत बसून बघितलं तरी दिसणार नाही, कारण तिथलं घड्याळ यूटीसीच्या मागं आहे, मध्यरात्र यूटीसीत नेली तरी त्याच तारखेत राहते. तुमच्या विंडोजमध्ये टाईम झोन तात्पुरता UTC करा, क्रोम पूर्ण बंद करून उघडा, चार्ट बघा, आणि लगेच परत भारतीय वेळ लावा. तेव्हा काही नवीन भरू नका.

मांजराकाठ

केलं. १ मेचे ५ मिमी परत आले, ४० मिमी १५ ला आले. १० मिमी मात्र अजून ४ तारखेलाच.

खडकीकर

ते बरोबर आहे. वेळ लिहिलेली नोंद ते भारतीय वेळेसकट साठवतात, ती घड्याळ बदलून हलणार नाही. वेळ न लिहिलेल्या नोंदीची नुसती तारीख साठवतात, तिची मध्यरात्र बघणाऱ्याच्या मशीनवर ठरते. पत्रात या बारकाव्यात शिरू नका, वाचणारा गोंधळेल. वेळ रिकामी असलेल्या नोंदींपुरतंच लिहा. पहाटेचं ५.२९ शेवटी एका ओळीत.

मांजराकाठ

हा मसुदा. जिथं चुकतंय तिथं सांगा.

> विषय: वेळ न भरलेल्या पावसाच्या नोंदी दैनिक चार्टमध्ये एक दिवस आधी दिसतात (तक्त्यात बरोबर)
>
> आमच्या आधीच्या तक्रारीत पुरेशी माहिती नव्हती, म्हणून पुन्हा लिहीत आहोत.
>
> कुठं दिसतं: विंडोज ११, क्रोम, टाईम झोन `(UTC+05:30) Chennai, Kolkata, Mumbai, New Delhi`. ऑफिसातल्या दोन्ही संगणकांवर सारखंच.
>
> पुन्हा घडवून पाहण्यासाठी:
> १. संगणकाचा टाईम झोन वरीलप्रमाणे आहे याची खात्री करा. UTC वर ठेवल्यास हा दोष दिसत नाही, आम्ही तपासलं आहे.
> २. "चाचणी" नावाचं नवीन केंद्र तयार करा.
> ३. १५ मे २०२५ ला ४० मिमी भरा. वेळेचा रकाना रिकामा ठेवा.
> ४. १ मे २०२५ ला ५ मिमी भरा. वेळ रिकामी.
> ५. मे २०२५ चा दैनिक तक्ता आणि दैनिक चार्ट उघडा.
>
> काय दिसायला हवं: १ मेला ५, १५ मेला ४०, बेरीज ४५.
>
> काय दिसतं: तक्त्यात वरीलप्रमाणेच. चार्टमध्ये ४० मिमी १४ मेला, १ मेची नोंद नाही, बेरीज ४०.
>
> परिणाम: त्याच केंद्रावर एक नोंद मोबाईलवरून वेळेसकट आणि दुसऱ्या दिवशीची संगणकावरून वेळेशिवाय आली, तर दोन दिवसांचा पाऊस एका खांबात मिळतो. १० जूनला ३१ आणि ११ जूनला ३८ असताना चार्टनं १० जूनला ६९ दाखवले आणि ६५ ची लाल खूण लागली. तो चार्ट गावात गेला आहे.
>
> आमचा अंदाज: तारीख UTC मध्ये बदलून दिवस ठरवला जात असावा. पहाटे ५.२९ ची नोंद आदल्या दिवशी जाते, ५.३० ची जात नाही.
>
> सोबत: तक्ता आणि चार्ट एकाच पडद्यावर दिसतील असे दोन स्क्रीनशॉट, चाचणी केंद्राची निर्यात केलेली फाईल.

चाचणी केंद्रात चार नोंदी होत्या, पत्रात दोनच ठेवल्या. फाईलही दोनचीच जोडतोय.

तिरकस

यातून अंदाजाचा परिच्छेद काढा. गिऱ्हाईकानं कारण सांगितलं की तिकडचा माणूस चिडतो आणि "असं काही नाही" म्हणून फाईल बंद करतो. मी आठ वर्षं सपोर्टला काढलीत, या विषयात पत्रिका बघायची गरज नाही. दुखतं कुठं ते सांगा, औषध सांगू नका.

खडकीकर

मी उलट म्हणेन. अंदाज शेवटी आहे, "असावा" आहे, आणि त्याच्या मागं ५.२९ चा पुरावा आहे. माझ्याकडे असं पत्र आलं असतं तर माझे दोन तास वाचले असते. विषयाची ओळ मात्र फार चांगली जमलीय, "वेळ न भरलेल्या" आणि "तक्त्यात बरोबर" हे दोन शब्दप्रयोग निम्मं काम करतात.

तिरकस

तुम्ही प्रोग्रामर म्हणून वाचताय. पत्र आधी सपोर्टच्या पोरीच्या हातात पडतं.

गोदाकाठची

पायरी १ मधलं "UTC वर दिसत नाही" हे वाक्य जाड करा. त्याशिवाय पुन्हा "आमच्याकडे दिसत नाही" येईल. आणि "तो चार्ट गावात गेला आहे" हे राहू द्या. रागावलेलं नाही, पण टोचतं.

मांजराकाठ

ताईंचं घेतलं. अंदाज ठेवला, पण "आपल्या तांत्रिक विभागासाठी" असं मथळ्यात घातलं, म्हणजे पोरगी पुढं ढकलेल. पाठवलं.

मांजराकाठ

चौथ्या दिवशी उत्तर आलं! "दोष पुन्हा घडवून पाहिला, मान्य आहे. पुढील आवृत्तीत दुरुस्त होईल. तोपर्यंत संगणकाचा टाईम झोन UTC ठेवावा." पुढील आवृत्ती कधी, ते लिहिलेलं नाही.

खडकीकर

टाईम झोन मुळीच बदलू नका! त्याच संगणकावर पावत्या आणि वजनकाट्याच्या चिठ्ठ्या निघत असतील. सगळ्यांवर साडेपाच तास मागची वेळ छापली जाईल, आणि पहाटेच्या गाड्यांवर कालची तारीख. चार्टपेक्षा मोठं भांडण होईल.

त्यापेक्षा आजपासून प्रत्येक नोंदीला सकाळी ८.३० भरा, AM बघून. नवीन नोंदी लगेच बरोबर बसतील. जुन्यांना हात लावू नका, त्या तक्त्यात बरोबरच आहेत.

आणि त्यांना आत्ताच एक ओळ लिहा की दुरुस्ती चार्टमध्ये करा, साठवलेल्या तारखांमध्ये नाही. घाईत कुणी सगळ्या नोंदींत एक दिवस मिळवून ठेवला तर चार्ट बरोबर दिसेल आणि तक्ता कायमचा बिघडेल. मी हे होताना बघितलंय. नवीन आवृत्ती आली की तेच "चाचणी" गाव उघडा. ४० मिमी तक्त्यातही आणि चार्टमध्येही १५ लाच पाहिजेत.

मांजराकाठ

लिहिलं. सोसायटीच्या काट्याचा संगणक खरंच हाच आहे, बरं झालं सांगितलंत. ८.३० भरायला आजपासून सुरुवात केली.

आता राहिला तीन वर्षांचा ढीग. दर महिन्याला चार्टची पीडीएफ काढून सगळ्या गावांना दिलीय, काहींनी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावलीय. ती सगळी एक दिवस मागं आहे. परत काढून द्यायची की तशीच राहू द्यायची?

निवृत्त_कारकून

सगळी काढू नका. १ जूनला पाऊस होता त्या वर्षाची आणि यंदाच्या जूनची काढा, कारण हंगामी बेरीज आणि लाल खूण तिथंच चुकली. बाकीच्यांवर शिक्का मारा: "दिनांक तक्त्यानुसार वाचावा." आमच्याकडे असंच व्हायचं.

तिरकस

काका, भिंतीवरचा चार्ट बघून तक्ता वाचायला ऑफिसात कोण येणार? मी तर म्हणतो सगळीच काढा. आवृत्ती आल्यावर.

मांजराकाठ

आवृत्ती आल्यावर बघू. ६९ वाला खांब मात्र आज उतरवून ३१ आणि ३८ हातानं लिहून लावलाय. खाली उभा असलेला एकजण म्हणाला, "आधीचाच बरा होता."